निमंत्रणात माहेरचे नाव विचारा

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे निमंत्रण लिहायला बसले, की आपल्या लेखणीला भरते येते. चिंचेचे झाड, कॅंटीनचा चहा, सरांचा दरारा! या आठवणी कोणत्याही कॉलेजला चालतात. मला त्यांचे वावडे नाही. माझी तक्रार आहे ती त्यांच्यामागून येणाऱ्या नोंदणीच्या ओळीबद्दल.

माझ्या मावशीचेच पाहा. ती १९८४ साली बी. ए. झाली. मागे तिच्या कॉलेजचे निमंत्रण मोबाईलवर आले. अर्जात रकाने दोनच : नाव आणि बॅच. मावशीने आजचे नाव लिहिले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, तेव्हा पहिले नाव बदलले. वडिलांचे नाव आणि आडनाव तर जायचेच होते. हजेरीपटावरच्या तीन शब्दांपैकी एकही उरला नाही! नोंदणी झालेल्यांची यादी फिरली, तेव्हा मैत्रिणींना ती त्यात सापडली नाही. 'ती नाही, तर जाऊन काय करायचे?' म्हणून दोघी घरीच राहिल्या. पुरुषांना ही अडचण येत नाही, आणि अर्ज तयार करणारे बहुधा पुरुषच असतात.

'बॅच' या शब्दानेही घोळ केला. कोणी प्रवेशाचे १९८१ लिहिले, कोणी पदवीचे १९८४. एकच वर्ग दोन याद्यांत विभागला गेला. शिवाय मावशीचे शुल्क मुलाच्या खात्यातून गेले. जमेच्या नोंदीत नाव मुलाचे, म्हणून दारात तिला 'पैसे भरलेत का?' असे विचारण्यात आले.

माझ्या मते मजकूर असा हवा :

'कॉमन रूममधल्या कॅरमची राणी ज्यांच्या वेळी हरवली आणि वर्षभर बटण लावून खेळावे लागले, त्या १९८४ साली बी. ए. झालेल्या सर्वांना आग्रहाचे बोलावणे. रविवार, २७ डिसेंबर २०२६, सकाळी १०. स्थळ : नव्या इमारतीतील सभागृह. जुने फाटक बंद असते. स्टॅंडकडच्या फाटकाने यावे. अर्जात कॉलेजातले पूर्ण नाव व आजचे नाव, दोन्ही लिहावीत. पदवीचे सालही लिहावे. शुल्क कोणाच्याही खात्यातून भरा, मात्र व्यवहार क्रमांक अर्जात नोंदवा. मुदत १७ डिसेंबर. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला पानांचा आकडा द्यायचा आहे.'

यात आठवण एकच आहे, पण ती त्या वर्गाखेरीज दुसऱ्या कोणाची असू शकत नाही. वाचणाऱ्याला आपण योग्य जागी आलो हे तिथेच कळते.

एक बारीक मुद्दा राहिला. जुने नाव चारचौघांत फिरावे असे प्रत्येकीला वाटेलच असे नाही. तेव्हा 'यादीत कोणते नाव छापावे?' हा रकानाही ठेवावा आणि दुसरे नाव नोंदणी पाहणाऱ्यांपाशीच राहू द्यावे.