‘Won't Do’ नंतरची ओळ

एका रुग्णनोंदणीच्या प्रणालीत आमच्याकडे टिकिट आलं होतं: मोबाइल नंबर ‘युनिक’ करा, एका नंबरावर एकच रुग्ण. मागणी बिनतोड वाटली. पण नोंदणीच्या खिडकीपाशी दोन दिवस बसल्यावर कळलं, की खेड्यातून आलेली आजी मुलाचा नंबर सांगते, सूनही तोच सांगते आणि नातवाच्या नावापुढेही तोच पडतो. काम रद्द केलं, आणि ते योग्यच होतं. टिकिटावर मात्र ‘Won't Do’ आणि खाली एवढंच: “कॉलवर चर्चा झाली, गरज नाही.”

दोन वर्षांनी टीम बदलली. नव्या मुलांना एकेका नंबराच्या चार-चार नोंदी दिसल्या. त्यांनी जुनं टिकिट शोधून वाचलंही होतं, हे मुद्दाम सांगतो. पण ‘गरज नाही’ यातून त्यांना काय कळणार? आता गरज आहे, असं त्यांनी ठरवलं. आधी ‘डुप्लिकेट’ नोंदी एकत्र केल्या, मग डेटाबेसवर बंधन घातलं. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुनेच्या केसपेपरवर दिसू लागल्या, तेव्हा चूक उघडकीस आली. बंधन काढायला एक ओळ पुरली. मिसळलेल्या नोंदी बॅकअपवरून वेगळ्या करायला तीन आठवडे लागले; एकत्रीकरणानंतरच्या भेटी तर बॅकअपमध्ये नव्हत्याच, त्या रुग्णांना विचारून लावाव्या लागल्या. हा दोष आमचा, पहिल्या टीमचा.

आम्ही लिहायला हवं होतं ते असं: “नंबर युनिक करणार नाही, कारण अनेक घरांत एकच फोन आहे. त्याऐवजी नाव, जन्मवर्ष आणि नंबर तिन्ही जुळले तर फक्त इशारा देऊ. प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळू लागला, की पुन्हा विचार करावा.” यातलं शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. नकार कोणत्या परिस्थितीवर उभा होता हे त्यातून कळतं. ती परिस्थिती बदलली, की पुढची टीम निर्धास्तपणे निर्णय फिरवू शकते.

पायथन भाषेच्या विकासात ही शिस्त आहे. सुधारणा-प्रस्तावांची नियमावली, PEP 1, फेटाळलेल्या प्रस्तावाचीही नोंद राहिली पाहिजे असं सांगते. लूपना नावं देऊन हव्या त्या लूपमधून बाहेर पडू देण्याची सूचना करणारा PEP 3136 असाच फेटाळला गेला. तो आजही वाचायला मिळतो.

प्रत्येक टिकिटाला एवढं लिहिण्याची गरज नाही. जे काम पुन्हा कुणाला तरी सुचणारच, त्याला हवंच. आणि ते तेविसाव्या कॉमेंटमध्ये पुरू नये. वर्णनात सगळ्यात वर असावं. आम्ही आता टिकिटाचा क्रमांक स्कीमातही लिहितो, कारण बंधन घालायला येणारा माणूस आधी तिथेच येतो:

```sql
mobile VARCHAR(15), -- UNIQUE नको, REG-214 पाहा
```