मी ‘तें’ का?

घरी मी ‘तें’ आहे आणि कॉलेजात ‘ती’. शामाय, म्हणजे माझी आजी, शेजारणीला कोंकणीत सांगते, “तें मिसाक गेलें.” तेच मराठीत सांगायचं तर “ती मिस्सेला गेली.” पहिल्या वर्षी मी निबंधात ‘माझी धाकटी बहीण आलं’ असं लिहिलं होतं. सगळा वर्ग हसला. एक मैत्रीण मात्र रागावली. “तुमच्या भाषेत मुलगी म्हणजे वस्तू का?” असं तिनं विचारलं.

उत्तर तेव्हा सुचलं नाही, म्हणून आता देते.

लिंग हे आधी शब्दाचं असतं, वस्तूचं नंतर. मराठीत ‘भिंत’ ती आणि ‘दार’ ते, यात भिंतीचं बायकी असं काही नाही. शब्दाचं लिंग ओळखायचं ते शेजारच्या शब्दांवरून. कोंकणीत ‘तें धाकटें चेडूं गेलें’ म्हणताना सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद तिन्ही ‘चेडूं’च्या मागे जातात. मुलगा असला तर तिन्ही बदलतात, ‘तो धाकटो चेडो गेलो’. मीसुद्धा स्वतःबद्दल ‘हांव गेलें’ म्हणते, ‘गेल्यें’ नाही.

मग ‘चेडूं’ नपुंसक का? मराठीतले लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू आठवा. लहान जिवांचे हे ऊकारान्त शब्द सगळे ‘ते’ आहेत. चेडूं त्यांच्याच रांगेतलं. म्हणजे इथे नपुंसकलिंग ‘निर्जीव’ असं सांगत नाही, ‘लहान’ असं सांगतं. संस्कृतात तर बायकोसाठीचा ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ हा शब्द चक्क पुल्लिंगी!

मराठीत या लिंगाला आणखी एक काम आहे. ‘तिनं आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ यात क्रियापद कर्माच्या मागे जातं. पण कर्माला ‘ला’ लागला की जुळवायला कोणी उरत नाही, आणि ‘तिनं मुलीला पाहिलं’, ‘तिनं मुलाला पाहिलं’ असं दोन्हीकडे नपुंसकच येतं. रिकाम्या जागी बसणारं हे रूप अपमानाचं कसं असेल? ‘नपुंसक’ हे नावच वाईट पडलंय.

पण मैत्रिणीचा प्रश्न तेवढ्यानं मिटत नाही. माझा धाकटा भाऊ लहान असूनही ‘तो’च आहे. चेडो ‘तो’, चेडूं ‘तें’. वयानं मोठी झाले, लग्न झालं, की आमच्या घरात मी ‘ती’ होईन. भावाला मात्र कशाचीच वाट पाहावी लागली नाही. हा भेद व्याकरणानं आपणहून केलेला नाही, बोलणाऱ्यांनी केला आणि व्याकरणानं तो जपून ठेवला.

म्हणून माझं मत असं: शामायचं ‘तें’ मला हवंय, त्यात माया आहे. पण “लिंग काय, नुसतं व्याकरण असतं” असं म्हणून कोणी विषय संपवू नये. भिंतीच्या बाबतीत ते खरं आहे. माझ्या बाबतीत अर्धंच.