सीटीसीतले ९३,७५० रुपये

गेल्या महिन्यात पहिली नोकरी सोडली. चार वर्षं तीन महिने झाले होते. फुल अँड फायनलचा कागद हातात आला तेव्हा सवयीने बेरीज करून पाहिली. उरलेल्या रजांचे पैसे होते, शेवटचा पगार होता. ग्रॅच्युइटीच्या रकान्यात मात्र चक्क शून्य!

मी तडक एचआरच्या मॅडमकडे. "अहो, दर महिन्याला स्लिपवर ग्रॅच्युइटी दाखवत होतात ना? ती कुठे गेली?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ती कापली कुठे होती? कंपनीच्या बाजूला दाखवली होती." पाच वर्षं झालेली नसल्यामुळे माझा त्यावर हक्क नव्हता.

घरी येऊन जुन्या स्लिपा काढल्या आणि मॅडमचं म्हणणं खरं निघालं. पहिल्या वर्षी माझं बेसिक ३०,००० होतं. त्याचे १२ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, पीएफ म्हणून माझ्या पगारातून कापले जायचे. कंपनीही तेवढेच घालायची. तेही माझ्या पीएफ खात्यात जायचे. हे पैसे दर महिन्याला कंपनीच्या बाहेर, माझ्या यूएएन नंबरच्या खात्यावर जमा होत होते. पासबुक उघडलं की दिसतात, त्यावर व्याज मिळतं, नोकरी बदलली तर ते नव्या कंपनीच्या खात्यात नेता येतात. थोडक्यात, पीएफ ही माझी शिल्लक आहे.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. स्लिपवर १,४४३ रुपये लिहिलेले होते, म्हणजे बेसिकच्या ४.८१ टक्के. पण माझ्या नावाचं खातं कुठेच नाही, पासबुक नाही, व्याज नाही. उद्या कदाचित द्यावे लागतील म्हणून कंपनीने आपल्या हिशेबात मांडलेला तो अंदाज आहे, एवढंच.

हे ४.८१ आलं कुठून? महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार द्यायचा, असा नियम आहे. १५ भागिले २६, त्याला पुन्हा १२ ने भागलं की येतात ते ४.८१ टक्के. मात्र प्रत्यक्षात देताना दरवर्षीचं बेसिक बघत नाहीत, फक्त शेवटचं बघतात. सूत्र असं:

शेवटचं मासिक बेसिक (महागाई भत्ता असल्यास तोही) × १५ ÷ २६ × नोकरीची वर्षं

खरी गंमत इथेच आहे. माझं बेसिक दरवर्षी पाच हजारांनी वाढून पाचव्या वर्षी ५०,००० झालं. सव्वाचार वर्षांत सीटीसीत दाखवलेल्या ग्रॅच्युइटीची बेरीज केली तर ९३,७५० रुपये होते. हातात आले शून्य. आणखी नऊ महिने थांबलो असतो तर ही दाखवलेली बेरीज साधारण १,१५,३८५ झाली असती, पण मिळाले असते ५०,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे साधारण १,४४,२३१! म्हणजे स्लिपवरचा आकडा दोन्ही बाजूंनी चुकीचा. सोडून गेलात तर तो खोटा आणि राहिलात तर कमी.

पाच वर्षांच्या अटीला अपवाद आहेत. नोकरीत असताना मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ही अट लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू लागली. त्यावरून "आता सगळ्यांना एका वर्षात" असे मेसेज फिरताहेत, त्यांवर विश्वास ठेवू नका. माझ्यासारख्या कायम नोकरीवाल्याला पाच वर्षं अजूनही पूर्ण करावीच लागतात.

माझं म्हणणं एवढंच की ग्रॅच्युइटी सीटीसीत मिळवणं थांबवायला हवं. ती देणं ही संपूर्णपणे कंपनीची जबाबदारी आहे. ज्या उद्योगात माणसं दोन-तीन वर्षांत उड्या मारतात, तिथे बहुतेकांना कधीच न मिळणारी रक्कम "पॅकेज" म्हणून दाखवायची, ही निव्वळ आकडा फुगवायची युक्ती झाली.

तोपर्यंत एक करा. नवी ऑफर आली की सीटीसीतून ग्रॅच्युइटी वजा करूनच तुलना करा. पीएफचा कंपनीचा वाटा मात्र वजा करू नका, तो तुमचाच आहे. आणि ग्रॅच्युइटी खरोखरच तुमच्या हातातल्या पगारातून कापली जात असेल, म्हणजे स्लिपवर कपातीच्या बाजूला असेल, तर लगेच लेखी विचारा, कारण अशी कपात करता येत नाही.

आणि हो, राजीनामा टाइप करण्याआधी रुजू झाल्याची तारीख एकदा बघून घ्या. मी बघितली नव्हती. नव्या नोकरीतली पगारवाढ त्यापेक्षा जास्त होती, त्यामुळे कदाचित तरीही सोडलीच असती. पण काय सोडून चाललोय ते निदान कळलं असतं. असो.