‘आर्ट्सला टाकलं’

गेल्या सुट्टीत माझ्या मावसबहिणीची मराठीची वही पाहण्याचा योग आला. ती दहावीत आहे. भाषेच्या अभ्यासासाठी बाईंनी विषय दिला होता : ‘दहावीनंतर कोणती शाखा निवडावी यावर दोन विद्यार्थ्यांमधील संवाद लिहा.’ हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी लिहिलेला असेल. वहीत ‘नमस्कार मित्रा, तू कोणती शाखा निवडणार आहेस?’ येथून सुरुवात होती. एकाने विज्ञान निवडले, कारण देशाची प्रगती. दुसऱ्याने कला निवडली, कारण संस्कृतीचे जतन. मग दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या आणि संवाद संपला.

मी तिला बोलणाऱ्यांची नावे हाताने झाकायला सांगितली आणि विचारले, आता कोणते वाक्य कोणाचे? तिला सांगता येईना. नावे झाकल्यावर माणसे ओळखू येत नसतील तर तो संवाद नव्हे. तो दोन तुकड्यांत कापलेला निबंध होय.

माझी तक्रार मात्र याहून पुढची आहे. ‘शाखा निवडणे’ हे क्रियापद आपल्या घरांत कोण वापरते? आपण म्हणतो, तो सायन्सला गेला. तिला कॉमर्स मिळालं. आणि आपल्या वर्गातल्या निम्म्याजणांबद्दल त्यांच्या घरी म्हणतात, आर्ट्सला टाकलं. ‘गेला’मध्ये जाणाऱ्याची इच्छा आहे, ‘मिळालं’मध्ये गुणपत्रिका आहे; आणि ‘टाकलं’मध्ये टाकणारा वेगळाच कोणी असून विद्यार्थी नुसते कर्म झाला आहे. ‘आर्ट्स तरी मिळेल ना?’ यातला ‘तरी’ पाहा. आपल्या शाखेची सारी किंमत त्या दोन अक्षरांत आहे. संवादलेखनाने शिकवायचे ते हेच. पण वहीत सगळे ‘निवडतात’ आणि खरी गोष्ट बाहेरच राहते.

बहिणीला म्हटले, तुझ्या वर्गातली खरी कोणी आठव. तिने आठवली आणि दुसरा संवाद लिहिला. तो असा :

‘काय गं, ठरलं का?’

‘ठरायचं काय त्यात? आर्ट्सला टाकतायत.’

‘तुला तर नर्स व्हायचं होतं ना?’

‘व्हायचंय अजून. पण सायन्स म्हटलं की गणित आलं. दहावीचंच कसंबसं निभावलंय.’

‘अगं, अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेता येतं. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी नि इंग्रजी लागतं. गणित नाही लागत.’

‘खरंच?’

‘फिजिक्समध्ये आकडेमोड आहे हं. ती चुकायची नाही.’

‘ते करीन गं मी. पण सायन्सचं कॉलेज तालुक्याला. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत शेवटची गाडी निघून जाते.’

‘…मग बारावी आर्ट्स करून जनरल नर्सिंग? तीन वर्षांचं असतं. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते.’

‘हे बाबांना तू सांगशील?’

या संवादात काय घडते ते पाहा. पहिली मुलगी गणिताचे कारण पुढे करते. मैत्रीण ते कारण माहितीने खोडते, तेव्हा खरे कारण बाहेर येते : शेवटची एस.टी. ते कळल्यावर मैत्रिणीलाही आपला सल्ला बदलावा लागतो. एकीच्या बोलण्याने दुसरीचे पुढचे वाक्य बदलले, म्हणून हा संवाद. नावे न लिहिताही दोघी वेगळ्या कळतात.

येथे माहितीलाही महत्त्व आहे, कारण शाखांचे दरवाजे सारखे उघडत नाहीत. बारावी सायन्स झालेल्याला बी.ए.ला येता येते. बारावी आर्ट्स झालेल्याला बी.एस्सी. नर्सिंगला वा इंजिनिअरिंगला जाता येत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत नको असे म्हटले खरे, पण नर्सिंगच्या प्रवेशाला जीवशास्त्र विचारले जाते ते जातेच. तेव्हा ‘आवडेल ते घे’ हा वहीतला सल्ला गोड असला तरी अर्धवट आहे. उलट, ज्याला इतिहास वा भाषाच शिकायची आहे त्याने दोन वर्षे प्रयोगशाळेत का काढावीत, हाही संवाद कोणीतरी लिहायला हवा. मी स्वतः आर्ट्सला ‘गेलो’ आहे. आमच्या शेजारी मात्र अजून ‘टाकलं’च म्हणतात.

बहिणीने दुसरा संवाद वहीत उतरवून दिला. तपासून आला तेव्हा ‘टाकतायत’खाली तांबडी रेघ होती आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘प्रवेश घेणार आहे’.