टोळी, मोळी आणि शेरा

'श्रमप्रतिष्ठा' या मूल्यावर वर्गात लावायला दोनोळी पाठवा, असं आवाहन केलं आणि टपालाचा ढीग पडला. निम्म्याहून अधिक ओळींत 'परिश्रम', 'यश' आणि 'जीवन' ठाण मांडून बसलेले. एक नमुना पाहा:

रोज करा कष्ट आणि श्रम,
हाच आहे आपला धर्म.

पहिल्या ओळीत चौदा मात्रा, दुसरीत पंधरा. ते एक वेळ चाललं असतं, मुलं सूर ओढून मात्रा भरून काढतात. खरी गोची यमकात आहे. कागदावर दोन्हीकडे शेवटी 'म' दिसतो, पण कानाला 'श्रम' आणि 'धर्म' जुळत नाहीत. राहुरीकडच्या एका दुसरीच्या वर्गात ही दोनोळी तोंडी शिकवली. दुसऱ्या दिवशी मुलं बिनधास्त 'आपला धरम' म्हणत होती. पोरांच्या कानांनी कवीची चूक दुरुस्त केली होती!

त्याच वर्गात पाथर्डीकडून उसतोडीला आलेल्यांची मुलं होती. त्यांच्यासाठी आम्ही हे जुळवलं:

पहाट होता निघते टोळी,
आई बांधे मोठी मोळी.

दोन्ही ओळींत सोळा मात्रा, म्हणजे पादाकुलकाचंच माप. चार-चार मात्रांचे चार तुकडे, प्रत्येकावर एक टाळी. 'टोळी-मोळी' यमकात दोन्ही अक्षरांचे स्वर जुळतात, म्हणून पहिली ओळ म्हटली की दुसरीचं टोक आपसूक जिभेवर येतं. शिवाय जोडाक्षर एकही नाही. दुसऱ्या दिवशी फळा कोरा होता, तरी एकही शब्द बदलला नाही.

ही दोनोळी एका कार्यालयाकडे मूल्यशिक्षणाच्या तक्त्यासाठी दिली. शेरा आला: 'मूल्याचा उल्लेख आढळत नाही.' साहेब, पहाटे मोळी बांधणारी आई दिसली, आता आणखी कोणता उल्लेख हवा? तक्त्यात 'श्रम' हा शब्द सापडला की रकाना भरतो, एवढंच ना?

आणि कवींनो, 'कष्ट करा, श्रीमंत व्हा' छापाच्या ओळी तर नकोतच. आईबाप मिळून एक कोयता, आणि हंगाम सरत आला तरी मुकादमाची उचल फिटलेली नाही, हे त्या पोराला घरातूनच कळतं. त्याला खोटी ओळ पाठ होईलही, पण ती म्हणताना तो मास्तरांकडे बघेल.

पुढच्या अंकासाठी दोनोळी पाठवण्याआधी ती दोन मुलांना ऐकवा. आपली नकोत, शेजारची. दोनदा तोंडी म्हणा, लिहून देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी विचारा. मूल जिथे शब्द बदलेल तिथे खूण करून दोन्ही रूपं पाठवा, मूळ आणि मुलाचं. मुलाचं रूप सरस निघालं तर तेच छापू.