मसुदा तीन आठवडे कपाटात

लेख संपला की त्याच रात्री चार जणांना पाठवायचा, ही घाई आपल्याकडे फार. माझं मत वेगळं आहे. निदान तीन आठवडे तो मसुदा उघडूच नये. ग़ालिबचं पाहा. त्यांच्या गझलांचं एक हस्तलिखित 1821 चं आहे आणि पहिला छापील दीवान 1841 चा. तोवर आपल्याच पुष्कळ शेरांना त्यांनी बाहेर ठेवलं होतं. आपल्याला वीस वर्षं नकोत, पण वीस दिवस तरी?

लिहिल्या-लिहिल्या वाचताना डोळा कागद वाचत नाही, डोक्यात असलेलं वाचतो. उर्दू-मराठी अशा दोन भाषांत जगणाऱ्यांना हे जास्त बाधतं. हिंगोलीतल्या एका शिक्षक मित्राने गावच्या मोहरमवर लेख लिहिला. त्यात ही दोन वाक्यं होती: ‘अब्बा आणि दादा अलाव्याजवळ उभे होते. त्यांनी सवारीला हात लावला.’

आमच्या घरात कुणालाच इथे अडायला होणार नाही. तीन आठवड्यांनी त्याने छापील प्रत काढली आणि साताऱ्याचा कुणी वाचक म्हणून वाचली. तेव्हा ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ झाला. उर्दूत तो आजोबा. ‘अलावा’ला हिंदीतला ‘खेरीज’ चिकटला. मोहरममध्ये तो निखाऱ्यांचा खड्डा. आणि ‘सवारी’ म्हणजे तर आमच्या बसस्टँडवर रिक्षातला प्रवासी! त्यात ‘त्यांनी’ने आणखी गोंधळ घातला. मराठीत ते एका आदरणीय माणसालाही चालतं आणि दोघांनाही. हात नेमका कुणी लावला?

नवं वाक्य असं झालं: ‘मोहरमचे निखारे पेटवायला खणलेल्या अलाव्याजवळ अब्बा आणि त्यांचे वडील, आमचे दादा, उभे होते. मिरवणुकीत निघणाऱ्या पंजाला, म्हणजे सवारीला, दादांनी हात लावला.’ शब्द एकही सोडला नाही. अलावा ‘खड्डा’ करून टाकला असता तर गाव गेलं असतं.

पहिल्या वाचनात मात्र हातात पेन नको. पेन असलं की पहिल्याच ओळीत विशेषण बदलत बसतो आणि लेखक परत जागा होतो. मोठ्याने वाचावं, जिथे थांबावं किंवा मागे जावं लागेल तिथे समासात फक्त एक रेघ मारावी. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. मोबाईलऐवजी कागदावर वाचलं तर बरं. ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि ओळखीचं पान अनोळखी दिसतं.

याला मर्यादा आहेतच. उद्याच्या अंकाच्या लेखाला तीन आठवडे कुठून आणणार? त्याला एक रात्र मिळाली तरी खूप. वर्षभर ठेवलेल्या मसुद्यात तर आपण का लिहीत होतो तेच आठवत नाही. आणि अलावा म्हणजे काय हे आपण कितीही थांबलो तरी विसरत नाही. म्हणून तीन आठवड्यांनंतरही एखादी प्रत मोहरम न पाहिलेल्या सहकाऱ्याला द्यावी आणि ‘कसा वाटला’ न विचारता ‘कुठे अडलात’ एवढंच विचारावं.