मध्यरात्रीची कात्री

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात रात्री अकराला रिलिव्हर आला नाही, की दुसऱ्या पाळीचा कामगार मशीनवरच थांबतो. ‘डबल’ मारून सकाळी सातला तो बाहेर पडतो. त्याचे पैसे किती होतात, हा प्रश्न इथून सुरू होतो.

समजा, तो शुक्रवारी दुपारी अडीचला आला. अकरापर्यंत अर्ध्या तासाची सुट्टी वजा जाता 8 तास भरले. पुढे सातपर्यंत, पहाटे अर्धा तास विश्रांती धरून, आणखी साडेसात. एकूण साडेपंधरा तास. 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने अधिनियमानुसार दिवसाचे 9 किंवा आठवड्याचे 48 तास ओलांडले, की पुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट मजुरी होती. त्या मर्यादेने, तासाला 100 रुपये धरले, तर 9 तासांचे 900 आणि साडेसहा तासांचे 1,300, म्हणजे 2,200 रुपये.

आता हेच पंचिंग मध्यरात्री तारीख बदलणाऱ्या संगणकात घाला. शुक्रवारी बारापर्यंत 9 तास, शनिवारी साडेसहा. दोन्ही दिवस मर्यादेत! ओव्हरटाइम शून्य, हाती 1,550 रुपये. एका रात्रीत 650 रुपये गेले आणि कोणी खोटी नोंदही केली नाही.

हा हिशेब कायद्याला मान्य नाही. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे आणि पुढचा दिवस पाळी संपल्यापासून धरायचा, असे अधिनियमाचे कलम 57 सांगत होते. आता लागू असलेल्या 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे सूत्र आणि दुप्पट दर कायम आहेत.

दुसरी फट बदली सुट्टीची आहे. ‘शनिवारी आराम कर, डबल मिटला,’ असे सुपरवायझर सांगतो. सोमवार ते गुरुवारचे 32 आणि शुक्रवारचे साडेपंधरा मिळून साडेसत्तेचाळीस तास होतात. 48 ओलांडले नाहीत, म्हणून आठवड्याचा ओव्हरटाइमही गायब! पण कायद्यात ‘किंवा’ आहे. दिवसाची मर्यादा मोडली एवढे पुरे. शिवाय, कायद्यातली बदली सुट्टी ही बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची भरपाई आहे आणि ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी लागते. दुप्पट मजुरीऐवजी ती देता येत नाही. त्यातही शनिवार बिनपगारी असेल, तर कामगार एका दिवसाची मजुरीही गमावतो.

थकव्याने शनिवारी विश्रांती हवीच. ती द्यावी, पण ओव्हरटाइम त्याच पगारात चुकता करून.

दुरुस्ती अवघड नाही. हजेरीच्या प्रणालीत कामाचा दिवस पाळी सुरू झालेल्या तारखेला बांधावा आणि डबल ही एकच सलग पाळी मानावी. वेतनचिठ्ठीवर प्रत्यक्ष पंचिंगच्या वेळा, ओव्हरटाइमचे तास आणि शिल्लक बदली सुट्ट्या वेगवेगळ्या रकान्यांत छापाव्यात. निरीक्षकांनीही केवळ मासिक बेरीज न पाहता बारा वाजताच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी जोडून तपासाव्यात. ठेकेदाराच्या माणसांची मस्टर तर आधी उघडावीत, कारण रात्रीचे डबल अनेकदा त्यांच्या वाट्याला येतात.